बाजारभावातून आयव्ही काढताना: निम्मं-निम्मं करत उत्तरापर्यंत

निफ्टीची ऑप्शन चेन उघडली की प्रत्येक स्ट्राइकसमोर भावाच्या जोडीला आयव्ही नावाचा एक रकाना दिसतो. भाव बाजारात ठरतो, कोणीतरी विकतो आणि कोणीतरी घेतो. आयव्हीचा मात्र कुठेही सौदा होत नाही. ती भावातून उलटा हिशेब करून काढलेली असते, आणि तो हिशेब वीस-पंचवीस ओळींच्या कोडमध्ये आपणही करू शकतो. तोच इथे करून पाहू. कोड छोटा आहे. त्याला काय खायला घालायचं याची भानगड त्याहून मोठी आहे, म्हणून लेखाचा उत्तरार्ध त्यावरच खर्च केला आहे.

आधी एक काल्पनिक पण बाजारात सहज दिसेल असं उदाहरण घेऊ. निफ्टी २४,००० वर आहे. एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. व्याजदर ६.५ टक्के धरू. २४,५०० चा कॉल २१५ रुपयांना मिळतोय. प्रश्न असा, की हा २१५ चा भाव देणारा माणूस पुढच्या महिनाभरात निफ्टी किती हलेल असं गृहीत धरतोय?

ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ मध्ये दिलेलं सूत्र या प्रश्नाच्या उलट दिशेने चालतं. त्यात पाच गोष्टी घालायच्या: निर्देशांकाची आजची पातळी, स्ट्राइक, उरलेला काळ, व्याजदर आणि व्होलॅटिलिटी. मग भाव बाहेर येतो. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे हक्क फक्त एक्स्पायरीलाच बजावता येतो, त्यामुळे हे सूत्र इथे लागू पडतं. पाचपैकी चार गोष्टी आपल्याला दिसतात किंवा ठरवता येतात. पाचवी, म्हणजे व्होलॅटिलिटी, दिसत नाही. पण भाव दिसतो. म्हणून प्रश्न उलटा करायचा: कोणती व्होलॅटिलिटी घातली तर सूत्रातून नेमके २१५ रुपये बाहेर येतील? ती जी काही येईल तीच आयव्ही, इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे भावात दडलेली व्होलॅटिलिटी.

शाळेत शिकल्याप्रमाणे सूत्र फिरवून व्होलॅटिलिटी, म्हणजे `sigma`, एका बाजूला काढायचं म्हटलं तर ते जमत नाही. `sigma` सूत्रात दोन ठिकाणी, तीही नॉर्मल वितरणाच्या आत बसलेली आहे. वर्गमूळ किंवा लॉगरिदम घेऊन ती मोकळी होत नाही. त्यामुळे अंदाज करायचा, तपासायचा आणि अंदाज सुधारायचा, हाच मार्ग उरतो.

सुदैवाने हा भाव फार सरळ वागणारा आहे. बाकी सगळं तसंच ठेवून व्होलॅटिलिटी वाढवली की कॉलचा भाव वाढतोच, मध्ये कुठेही खाली येत नाही. कारणही साधं आहे. कॉल घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता बांधलेला असतो, फायदा मात्र मोकळा असतो. निफ्टी जितका जास्त उसळू शकेल, तितकी त्या मोकळ्या बाजूची किंमत वाढते. व्होलॅटिलिटी शून्याकडे नेली की भाव एका तळाला टेकतो, आणि अवाढव्य वाढवली की निफ्टीच्या पातळीकडे, म्हणजे २४,००० कडे सरकतो, पण तिच्यावर जात नाही. तळ आणि छत यांच्यामधल्या प्रत्येक भावाला एक आणि एकच व्होलॅटिलिटी असते. दोन उत्तरं येण्याची भीती नाही.

इतकं कळलं की पद्धत आपसूक सुचते. १ ते १०० मधला आकडा ओळखायच्या खेळात आपण थेट ५० विचारतो, ‘कमी’ म्हटलं की २५, ‘जास्त’ म्हटलं की ३७. बायसेक्शन म्हणजे तेवढंच. उत्तर ज्या दोन टोकांच्या मध्ये आहे त्यांचा मध्य घ्यायचा, तिथला भाव काढायचा, तो बाजारभावापेक्षा जास्त आला तर वरचं टोक खाली आणायचं, कमी आला तर खालचं टोक वर न्यायचं.

आपल्या उदाहरणात सुरुवात ० आणि १०० टक्क्यांपासून करू. पहिल्या सात फेऱ्या अशा जातात. पहिल्या रकान्यात व्होलॅटिलिटी, दुसऱ्यात सूत्राने दिलेला भाव, जवळच्या रुपयात.

```
0.5000000   1205
0.2500000    522
0.1250000    192
0.1875000    355
0.1562500    272
0.1406250    232
0.1328125    212
```

पहिले दोन भाव २१५ पेक्षा बरेच वर आहेत, म्हणून वरचं टोक १०० वरून ५० आणि ५० वरून २५ टक्क्यांवर आलं. तिसरा १९२ आला, म्हणजे कमी पडला, म्हणून खालचं टोक १२.५ टक्क्यांवर गेलं. पुढचे तीन पुन्हा जास्त, सातवा पुन्हा कमी. सात फेऱ्यांत आपण १०० टक्क्यांच्या पट्ट्यातून १३.२८ ते १४.०६ एवढ्या चिंचोळ्या जागेत आलो. अशाच फेऱ्या चालू ठेवल्या तर उत्तर सुमारे १३.४१ टक्क्यांवर स्थिरावतं.

हा आकडा वार्षिक आहे. ३० दिवसांसाठी त्याला काळाच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.२८६७ ने गुणायचं. ३.८४ टक्के येतात, २४,००० वर साधारण ९२० अंक. २१५ रुपये देणारा माणूस महिनाभरात एका प्रमाण विचलनाएवढी हालचाल ९२० अंकांची धरतोय, असा त्याचा अर्थ. ती खरंच तेवढी होईल असा नाही.

आता कोड. पायथॉनमध्ये बाहेरचं कुठलंच पॅकेज लागत नाही. नॉर्मल वितरणासाठी `math` मधलं `erf` पुरतं.

```python
from math import log, sqrt, exp, erf

def N(x):
    return 0.5 * (1 + erf(x / sqrt(2)))

def call_price(S, K, T, r, sigma):
    sd = sigma * sqrt(T)
    d1 = (log(S / K) + r * T) / sd + sd / 2
    return S * N(d1) - K * exp(-r * T) * N(d1 - sd)
```

आणि हे मूळ शोधणारं फंक्शन:

```python
def call_iv(price, S, K, T, r, tol=1e-6):
    floor = max(S - K * exp(-r * T), 0.0)
    if not floor < price < S:
        return None
    lo, hi = 0.0, 1.0
    while call_price(S, K, T, r, hi) < price:
        lo, hi = hi, hi * 2
    while hi - lo > tol:
        mid = (lo + hi) / 2
        if call_price(S, K, T, r, mid) < price:
            lo = mid
        else:
            hi = mid
    return (lo + hi) / 2
```

`call_iv(215, 24000, 24500, 30/365, 0.065)` चालवलं की ०.१३४१ च्या आसपासचा आकडा मिळतो.

यातल्या तीन गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. पहिली म्हणजे `lo` थेट शून्य ठेवलं आहे. सूत्रात `sd` ने भागाकार आहे, त्यामुळे शून्य व्होलॅटिलिटीवर भाव काढायला गेलं तर प्रोग्रॅम कोसळेल. पण आपण `lo` वरचा भाव कधी काढतच नाही. तो किती असणार हे `floor` ने आधीच सांगितलेलं आहे, आणि बाजारभाव त्याच्यावर आहे हे तपासूनच आपण पुढे आलोय. अनेक जण इथे ०.०००१ किंवा ०.०१ असा आकडा दडपून देतात. चालतं, पण खरी आयव्ही त्याच्या खाली असेल तर कोड काही न बोलता तोच आकडा उत्तर म्हणून देतो.

दुसरी, वरचं टोक १०० टक्क्यांवर ठोकून बसवलेलं नाही. तिथला भाव बाजारभावापेक्षा कमी निघाला तर टोक दुप्पट होत जातं. निफ्टीच्या महिन्याच्या ऑप्शनला याची गरज सहसा पडत नाही. एक्स्पायरीच्या शेवटच्या तासात लांबच्या स्ट्राइकवर मात्र शंभराच्या वरचे आकडे सहज दिसतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. थांबायचं कधी हे आपण व्होलॅटिलिटीच्या पट्ट्याच्या रुंदीवरून ठरवलं आहे, भावातल्या फरकावरून नाही. बऱ्याच ठिकाणी ‘सूत्राचा भाव आणि बाजारभाव यांत पाच पैशांपेक्षा कमी फरक राहिला की थांब’ असं लिहिलेलं सापडतं. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं, निफ्टी ऑप्शनचा टिकच पाच पैशांचा आहे. आपल्या २४,५०० च्या कॉलला ते चालूनही जाईल. पण २२,००० चा कॉल घ्या. त्याचा तळ आहे २,११७.२२ रुपये. त्याची व्होलॅटिलिटी शून्यापासून ७ टक्क्यांपर्यंत कितीही धरा, भाव एका पैशानेही हलत नाही, कारण निफ्टी महिन्यात दोन हजार अंक कोसळेल ही शक्यताच तेवढ्या व्होलॅटिलिटीत नगण्य राहते.

आता हा कॉल २,११७.२५ ला आहे असं समजा, तळाच्या जेमतेम तीन पैसे वर. भावावर थांबणारा कोड ५०, २५, १२.५ असे तीन मध्य नाकारतो, मग ६.२५ वर येतो. तिथे सूत्राचा भाव २,११७.२२. फरक तीन पैसे. कोड खूश होऊन थांबतो आणि आयव्ही ६.२५ टक्के छापतो. खरं उत्तर ९ टक्क्यांच्या जरा वर आहे. ६.२५ हा आकडा बाजारातून आलेलाच नाही. तो १०० ला चार वेळा निम्मं केल्यावर येतो. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या तक्त्यात ६.२५, १२.५, ३.१२५ असे आकडे वेगवेगळ्या स्ट्राइकवर पुन्हा पुन्हा दिसले, तर आधी थांबण्याची अट तपासा.

आपल्या अटीने किती फेऱ्या लागतात? पट्टा दर वेळी बरोबर निम्मा होतो, त्यामुळे १ पासून दहालाखांश भागापर्यंत यायला २० फेऱ्या. स्ट्राइक कोणताही असो, भाव कितीही असो, २० म्हणजे २०. (टोक दुप्पट करावं लागलं तर एखाद-दोन जास्त.) यापेक्षा बारीक जाण्यात अर्थ नाही. आपल्या कॉलची व्होलॅटिलिटी १ टक्क्याने, म्हणजे १३.४१ वरून १४.४१ वर गेली तर भाव साधारण साडेपंचवीस रुपयांनी हलतो. याला वेगा म्हणतात. घेणाऱ्याचा भाव २१४.५० आणि विकणाऱ्याचा २१५.५० असेल, तर त्या एका रुपयाच्या फटीतच आयव्ही टक्क्याच्या चार शतांशांनी इकडेतिकडे होते. दहाव्या दशांश स्थळापर्यंत जाऊन मिळवायचं काय?

इथे जाणकार वाचक विचारेल, न्यूटनची पद्धत का नाही? ती चार-पाच फेऱ्यांत पोचते. खरं आहे. न्यूटनची पद्धत भावातल्या फरकाला वेगा या आकड्याने भागते आणि तेवढी उडी मारते, आणि निर्देशांकाजवळच्या स्ट्राइकवर ती झकास चालते. पण तोच २२,००० चा कॉल घ्या, बाजारभाव २,१२० धरा आणि अंदाजाची सुरुवात ५ टक्क्यांपासून करा. तिथे वेगा जवळपास शून्य आहे, ०.०००००२५ च्या आसपास. भावातला फरक पावणेतीन रुपये. भागाकार केला की पुढचा अंदाज येतो दहा लाखांहून जास्त. टक्के नव्हे, नुसते दहा लाख. त्या ठिकाणी वेगा संगणकाच्या लेखी शून्यच असतो, आणि पुढच्या फेरीत शून्याने भागाकार. चांगल्या लायब्रऱ्या म्हणून दोन्ही एकत्र वापरतात: उडी पट्ट्याच्या आत पडली तर न्यूटन, बाहेर पडली तर निम्मं करा. शे-दोनशे स्ट्राइकची चेन दर काही सेकंदांनी मोजायची असेल तर नुसतं बायसेक्शनही पुरतं. माझं मत विचाराल तर वेग कमी पडतोय हे मोजून दिसेपर्यंत त्याच्यापलीकडे जाऊच नये.

आता त्या `None` कडे वळू. बाजारभाव तळाच्या खाली असेल तर उत्तर अस्तित्वातच नाही. कुठलीही व्होलॅटिलिटी घाला, सूत्र तेवढा कमी भाव देणार नाही. २२,००० चा कॉल २,१०० ला दिसतोय, तळ २,११७.२२ आहे. अशा वेळी शून्य छापणं किंवा शेवटचा आकडा तसाच ठेवणं म्हणजे थापच. `None` द्या, आणि तक्त्यात जागा रिकामी सोडा.

पण असा भाव बाजारात दिसतोच कसा? सतरा रुपये फुकट मिळत असतील तर कोणीतरी उचलले नसते का? बहुतेक वेळा तो भाव आत्ताचा नसतो. खोल इन-द-मनी कॉलमध्ये सौदे विरळ होतात. चेनमधला ‘शेवटचा सौदा’ वीस मिनिटांपूर्वीचा असू शकतो, तेव्हा निफ्टी तीस अंक खाली होता. आपण जुना भाव आणि नवी निफ्टी एकाच सूत्रात कोंबतो आणि सूत्र हात वर करतं. सूत्राने तक्रार केली ते बरंच म्हणायचं. तीस अंकांचा फरक उलट्या दिशेने असता तर त्याने गुपचूप एक फुगलेली आयव्ही दिली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

म्हणून शेवटच्या सौद्याचा भाव वापरू नका. घेणारा आणि विकणारा यांच्या त्या क्षणीच्या भावांचा मध्य घ्या, आणि निर्देशांकाची पातळीही त्याच क्षणाची घ्या.

तेवढ्यानेही खोल इन-द-मनीचा प्रश्न सुटत नाही. १३.४१ टक्के व्होलॅटिलिटीला २२,००० च्या कॉलची किंमत तळाच्या फक्त दोन-अडीच रुपये वर असते. त्याची खरेदी-विक्रीची फटच दहा रुपयांची असेल, तर त्या अडीच रुपयांत काय दडलंय हे कसं वाचणार? मजा अशी की तीच माहिती दुसरीकडे स्वच्छ मिळते. २२,००० च्या पुटचा अख्खा भावच ते दोन-अडीच रुपये असतो, आणि त्याची फट काही पैशांची. त्यामुळे रिवाज असा आहे की निर्देशांकाच्या वरच्या स्ट्राइकसाठी कॉल आणि खालच्या स्ट्राइकसाठी पुट वापरायचा, म्हणजे दोन्हीकडे आउट-ऑफ-द-मनी बाजू. पुटसाठी वेगळं फंक्शन लिहायलाही नको. पुट-कॉल पॅरिटीने पुटच्या भावाचा समतुल्य कॉल बनवा आणि तोच कोड वापरा:

```python
iv = call_iv(put + S - K * exp(-r * T), S, K, T, r)
```

या एका ओळीत मात्र एक खड्डा आहे, आणि भारतीय निर्देशांकावर काम करणारे नवखे बहुतेक त्यातच पडतात. `S` म्हणून पडद्यावरचा निफ्टी घातला तर सूत्र मनाशी असं धरतं की महिन्याभराने निफ्टीची वायदा पातळी २४,००० अधिक ६.५ टक्क्यांचं व्याज, म्हणजे २४,१२९ असायला हवी. बाजार तसं मानेलच असं नाही. महिन्यात कंपन्यांचे लाभांश निघणार असतील तर त्या दिवशी शेअर तेवढे खाली येतात, निर्देशांकही येतो, आणि वायदा आधीच स्वस्त मिळतो. शिवाय बाजारात पैसा नेमका ६.५ टक्क्यांनीच फिरत असेल हे कोणी सांगितलं?

समजा बाजाराची खरी वायदा पातळी २४,०९० आहे. ३९ अंकांचा फरक, निफ्टीवर डोळ्यांत भरणाराही नाही. २४,५०० चा कॉल २१५ ला असेल तर पॅरिटीप्रमाणे त्याच स्ट्राइकचा पुट ६२२.८० च्या आसपास मिळेल. आता पडद्यावरचा २४,००० घालून दोघांची आयव्ही काढा. कॉलची येते १३.४, पुटची १४.९. एकाच स्ट्राइकच्या, एकाच एक्स्पायरीच्या कॉल आणि पुटमध्ये दीड टक्क्याचा फरक. मग लोक त्यावर गोष्टी रचतात: पुटला मागणी आहे, मोठे खेळाडू घाबरलेत, वगैरे. घाबरलेलं कोणी नाही, `S` चुकीचा आहे. कॉल आणि पुट दोघेही एकाच निफ्टीच्या एकाच तारखेच्या हालचालीबद्दल बोलतात. त्यांची आयव्ही सारखीच यायला हवी.

उपाय सोपा आहे. वायदा पातळी आपण गृहीत धरायची नाही, ऑप्शनच्या भावांतूनच काढायची. निर्देशांकाच्या जवळचा, भरपूर सौदे होणारा स्ट्राइक घ्या. आपल्या उदाहरणात २४,१०० चा पुट कॉलपेक्षा ९.९५ रुपयांनी महाग आहे. मग:

```python
F = 24100 + exp(r * T) * (C - P)
S = F * exp(-r * T)
```

इथे `F` २४,०९० येतो आणि `S` २३,९६१.६४. हा `S` पडद्यावरच्या निफ्टीपेक्षा वेगळा आहे आणि तसाच असायला हवा. लाभांश, व्याजातला फरक, सगळं त्यात आपोआप मुरलेलं आहे. हाच `S` दोन्ही हिशेबांत घातला की कॉल आणि पुट दोघांचीही आयव्ही सुमारे १३.९ येते. आधीच्या १३.४ आणि १४.९ पैकी एकही बरोबर नव्हती. बायसेक्शनने दोन्ही वेळा आपलं काम अचूक केलं होतं, सहाव्या दशांश स्थळापर्यंत.

एका स्ट्राइकवर विसंबायचं नसेल तर जवळच्या तीन-चार स्ट्राइकवरून `F` काढून मधला घ्या. ते एकमेकांपासून एक-दोन अंकांपेक्षा जास्त लांब असतील तर तुमच्याकडे आलेल्या भावांत काहीतरी शिळं आहे.

राहता राहिला `T`. महिन्याच्या ऑप्शनला तो कसाही मोजला तरी फारसं बिघडत नाही. ३० दिवसांना ३६५ ने भागा किंवा व्यवहाराच्या २१ दिवसांना २५२ ने, आकडे शेजारीशेजारी येतात. आठवड्याच्या ऑप्शनला तसं नाही. शुक्रवारी बाजार बंद होताना पुढच्या मंगळवारी संपणारा ऑप्शन घ्या. कॅलेंडरने चार दिवस उरलेत, व्यवहाराचे दोन. पहिल्या हिशेबाने `T` ०.०११ येतो, दुसऱ्याने ०.००८. भाव तोच, पण पहिल्याने आयव्ही १२ टक्के आली तर दुसऱ्याने १४.१ येते. चूक कोणतीच नाही, फक्त एका तक्त्यात दोन्ही मिसळायचे नाहीत, आणि दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्याआधी तो कोणता `T` वापरतो हे विचारायचं. कॅलेंडर वापरणाऱ्याची आयव्ही सोमवारी सकाळी उगाच उडी मारते, कारण शनिवार-रविवारचा काळ त्याच्या हिशेबातून गेला पण बाजार हललाच नाही.

एक्स्पायरीच्या दिवशी तर दिवसांत मोजणंच बंद करावं लागतं. `(expiry - today).days` लिहिलेला कोड त्या सकाळी `T` शून्य धरतो, आणि `call_price` मधल्या `sd` च्या भागाकारावर आपटतो. साडेतीनपर्यंत उरलेली मिनिटं मोजा आणि ५,२५,६०० ने भागा. कॅलेंडरच्या वर्षात तेवढी मिनिटं असतात. दुपारी तीन वाजता उरतात ३० मिनिटं. त्या वेळी एक मिनिट इकडेतिकडे झालं तर आयव्ही पावणेदोन टक्क्यांच्या प्रमाणात बदलते, म्हणजे २० ची २०.३ होते. आपल्या यंत्रावरचं घड्याळ आणि भावावरचा वेळेचा शिक्का यांत तीन मिनिटांचं अंतर असेल तर शेवटच्या अर्ध्या तासाचा आलेख काढूच नये.